परत आलेली बॅग

चि. बाबू,

नागभीडला कृषी केंद्र सुरू करून तुझा हा पहिला खरीप. परत आलेल्या धानाच्या बॅगा पुन्हा विकायच्या की नाहीत, असं तू विचारलंस. प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर एका ओळीत मावणारं नाही. तुझ्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सोडवून घे. शेतकऱ्याने आणलेली बॅग घेऊन त्याला पैसे द्यायचे की नाही, हा एक. ती बॅग पुन्हा दुकानाच्या थप्पीवर ठेवायची की नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गिऱ्हाईक, तुझी बिलावरची अट आणि तुमचे संबंध यांवर ठरेल. दुसऱ्याचं उत्तर फक्त बियाण्याच्या अवस्थेवर ठरलं पाहिजे. आपल्या भागातले बहुतेक दुकानदार हे दोन्ही एका दमात ठरवतात. पैसे दिले म्हणजे माल आपला झाला, आपला झाला म्हणजे विकता येतो, असं त्यांना वाटतं. इथेच घोळ होतो. पैसे परत देऊनही माल मोडीत काढावा लागतो, आणि तेवढी तयारी नसेल तर परत घेण्याची अटच वेगळी ठेवावी लागते.

धानाच्या बियाण्याचं असं का, ते नीट समजून घे. कीटकनाशकाची बाटली किंवा स्प्रे पंपाचा नोझल परत आला, तर तो बिघडला की नाही हे बऱ्याच अंशी पाहून कळतं. बियाणं मात्र जिवंत असतं आणि त्याचं बिघडणं बाहेरून दिसत नाही. दाणा तसाच पिवळा, तसाच भरीव राहतो, पण आतला कोंब अशक्त झालेला असतो. बियाण्याचं आयुष्य प्रामुख्याने दोन गोष्टी ठरवतात, ओलावा आणि उष्णता. बियाणे शास्त्रातला जुना, कसोटीला उतरलेला ठोकताळा असा की साठवणीतल्या दाण्यातला ओलावा एका टक्क्याने वाढला तर टिकण्याचा काळ अंदाजे निम्म्यावर येतो, आणि तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढलं तरी तसंच होतं. साध्या बॅगेतल्या धान बियाण्याला प्रमाणीकरणात 13 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो आणि उगवण किमान 80 टक्के लागते. आता आपल्याकडचा जून-जुलै डोळ्यांपुढे आण. हवेत दमटपणा, घराची जमीन ओली, बॅग विणलेल्या प्लॅस्टिकची, म्हणजे तिच्यातून हवेतली ओल सहज आत जाते. अशा घरात कोपऱ्यात, भिंतीला टेकून, शेणाने सारवलेल्या जमिनीवर तीन आठवडे पडून राहिलेली बॅग तुझ्या गोदामात फळ्यांवर उभ्या असलेल्या बॅगेसारखी उरत नाही, मग शिवण कितीही शाबूत असो.

म्हणून माझं म्हणणं असं, की बॅग परत येते तेव्हा तू बियाण्याबरोबर मधले दिवसही विकत घेत असतोस. ती बॅग कुठे होती, किती दिवस होती, कशावर ठेवली होती, हे तुला ठाऊक असेल तर ते दिवस मोजता येतात. ठाऊक नसेल तर ते धरता येत नाहीत, आणि जे धरता येत नाही ते दुसऱ्याच्या बांधीत पेरायला देऊ नये.

तू म्हणशील, लॉट नंबर तर तोच आहे ना, मग प्रश्न कशाचा? लॉट म्हणजे एकत्र भरलेला, एकत्र तपासलेला माल. कंपनीने काढलेला उगवणीचा आकडा त्या सगळ्या मालाला लागू होतो, कारण सगळ्या बॅगा एकाच ठिकाणी, एकाच हवेत होत्या. त्या वेगवेगळ्या घरी गेल्या की नंबर तोच राहतो, पण लॉट फुटतो. चिमूरकडच्या कोरड्या माळ्यावर राहिलेली बॅग आणि वैनगंगेकाठच्या ओल्या घरात राहिलेली बॅग यांचं लेबल सारखं असलं तरी त्या आता दोन वेगळ्या वस्तू आहेत. परत आलेल्या चार-पाच बॅगांपैकी एकच फोडून पाहिली आणि तिच्यावरून सगळ्यांचा निकाल लावला, तर तो निकाल फसवा ठरतो. सगळ्या एकाच घरातून आल्या असतील तरच तो धरता येतो.

तपासणी कशी करायची ते सांगतो. बॅग काउंटरवर न ठेवता आधी बाहेरच्या ओट्यावर घे. शेतकऱ्याचं बिल माग आणि बिलावरचा लॉट नंबर लेबलाशी जुळव. बियाणे नियंत्रण आदेश 1983 नुसार विक्रेत्याने बिल द्यायचंच असतं. त्यावर लॉट नंबर लिहायची सवय तू पहिल्या दिवसापासून ठेव, नाहीतर परतीच्या वेळी पुरावाच उरत नाही. मग शिवण बघ. कारखान्याची शिलाई एकाच सुताची, सरळ ओळीची असते आणि लेबल त्याच शिवणीत अडकवलेलं असतं. बॅग उघडून पुन्हा शिवली असेल तर सुईची जुनी छिद्रं नव्या शिलाईच्या शेजारी दिसतात, सुताचा रंग बदलतो, किंवा लेबल शिवणीबाहेर पिनेने लावलेलं असतं. तळ हाताने दाबून बघ. तळाजवळ दाणे चिकटून ढेकळासारखे लागले, किंवा बॅगेच्या खालच्या भागावर ओल येऊन गेल्याची रेघ दिसली, तर पुढे काही पाहू नकोस, ती बाजूला काढ. उंदराने कुरतडलेला कोपरा असेल तर बाहेरून सुतळीने शिवून चालत नाही. आतला दाणा मोजून कमी झालेला असतो आणि त्यात उंदराचं मूत्रही मिसळलेलं असू शकतं. शेवटी लेबलावरची मुदत वाच. तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने ही बियाण्याची पहिली वैधता असते, आणि ती वाढवायचा अधिकार तुला नाही. प्रमाणित बियाण्याची मुदत नव्याने तपासूनच वाढते, आणि तेही प्रमाणीकरण यंत्रणेकडून.

एवढं झाल्यावर दोन गोष्टी हाताने मोजता येतात. धानाचं ओलावा मोजणारं यंत्र चांगलं असेल तर मूठभर दाण्यावर मिनिटाभरात आकडा देतं, पण त्यासाठी बॅग फोडावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे घरगुती उगवण चाचणी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी वाळू द्यायचं नाही. पाचव्या दिवशी पहिली मोजणी करायची आणि चौदाव्या दिवशी शेवटची. प्रयोगशाळेतही हेच दिवस धरतात, फक्त दाणे चारशे घेतात, शंभराच्या चार ओळींत. मूळ फुटलेला प्रत्येक दाणा मोजू नकोस. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ, निरोगी आलेलेच धर. इथे नवे दुकानदार फसतात, कारण अशक्त बियाणंही गोणपाटात कसंबसं अंकुरतं, पण चिखलाच्या पऱ्ह्यात वर येत नाही. पाचव्या दिवशी साठ आणि चौदाव्या दिवशी ऐंशी, असा आकडा आला तर खूश होऊ नकोस. उशिरा उगवणं हेच थकव्याचं लक्षण आहे. आणि ही चाचणी तुझ्या समजुतीसाठी आहे, लेबलावरचा आकडा तिने बदलत नाही. मुदत संपलेली बॅग नव्वद टक्के उगवली तरी ती विकायची नाही.

आता तुझ्या दुकानाचा हिशेब मांडू. आकडे मी समजून घेण्यासाठी घेतले आहेत, तुझे तू टाक. समज, 10 किलोची एक बॅग तुला 800 रुपयांना पडते आणि तू ती 900 ला विकतोस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 24 बॅगा परत आल्या. त्यांतल्या 15 बॅगा सहा-सात दिवसांतल्या, शिवण शाबूत, आणि शेतकऱ्याने विकत घेतल्यापासून त्या फळीवर ठेवल्याचं तुला माहीत आहे. सहा बॅगा तीन घरांतल्या, महिना झालेला, कशावर ठेवल्या ते कुणाला नीट सांगता येत नाही. उरलेल्या तीनची शिवण उघडलेली. पहिल्या 15 पुन्हा थप्पीवर जाऊ शकतात, पण वेगळ्या ढिगात, परतीची तारीख लिहून, आणि आधी त्या निघतील अशा बेताने. मधल्या सहा बॅगांचा निकाल आज लागणारच नाही. चाचणीला चौदा दिवस लागतात आणि तोवर दुबार पेरणीचा काळ निघून जातो. शिवाय तीन घरं म्हणजे तीन बॅगा फोडाव्या लागतील. तेव्हा त्या विक्रीतून बाहेर काढ आणि कंपनीच्या परतीच्या अटीत बसतात का ते पाहा. उघडलेल्या तीन बॅगा थेट मोडीत काढ. त्यांचे पैसे द्यायचे की नाही ते तुझ्या बिलावरच्या अटीवर सोड. मी असतो तर दिले नसते, कारण त्या परत घेण्याचा शब्दच मी दिला नसता.

यावर तुझा पहिला आक्षेप मला दिसतो. नऊही बॅगा परत घेतल्या तर 7200 रुपये अडकले. बॅगेमागे 100 रुपये सुटत असतील, तर हे 72 बॅगांचं उत्पन्न झालं. दुकान कसं चालायचं? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर परतीच्या दिवशी सापडत नाही, ते विक्रीच्या दिवशीच शोधावं लागतं. परत येणाऱ्या बॅगा मुख्यतः दोन कारणांनी येतात. शेतकऱ्याला जास्त विकलं जातं, किंवा त्याने पाऊस पाहून विचार बदलला. रोवणीच्या धानाला एकरी साधारण 15 ते 20 किलो बियाणं लागतं. आवत्याला त्याहून जास्त लागतं. शेतकरी तीन एकरांचा आहे हे तुला ठाऊक असताना आठ बॅगा का दिल्या, हा प्रश्न आधी येतो. दुसरं म्हणजे बिलावर ठळक छाप, "बियाणं सात दिवसांत, बिलासह, शिवण न उघडता आणल्यासच परत घेतलं जाईल." सात दिवसांनी आलेल्याला गोडीने नाही म्हणता येतं, कारण अट सगळ्यांसाठी सारखी असते. तिसरं, एकदाच मोठा माल उचलण्याऐवजी दोन-तीन हप्त्यांत उचल. कंपनीचा माणूस जास्त उचलीवर जादा सूट देईल. ती सूट तुझ्या अंगावर उरलेल्या मालापेक्षा मोठी आहे का, हे आधी मांडून बघ.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. इथे गिऱ्हाईक म्हणजे गावातलाच माणूस असतो. बॅग नाकारली किंवा "मी ही पुन्हा विकणार नाही" असं तोंडावर म्हटलं, तर त्याला वाटतं आपल्या घराचा संशय घेतला. म्हणूनच मी पैसे देण्याचा प्रश्न वेगळा ठेवायला सांगतो. अटीत बसत असेल तर पैसे बिनबोभाट दे, उधारी असेल तर तिच्यातून वजा कर, आणि बॅगेचं पुढे काय करणार हे त्याला ऐकवू नकोस. त्याचा मान राहतो आणि तुझा निर्णयही.

तिसरा आक्षेप मोठ्या दुकानदारांकडून येतो. सीलबंद बॅग आहे, जबाबदारी कंपनीची, असं ते म्हणतात. थेट कंपनीकडून आलेल्या बॅगेबाबत त्या बोलण्याला काही आधार असेल. परत आलेल्या बॅगेबाबत मुळीच नाही. समज, ती तू दुसऱ्या शेतकऱ्याला दिली, उगवलं नाही आणि त्याने तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला. समिती शेत पाहून पंचनामा करेल, लॉट नंबर घेईल. कंपनी तुझी बिलं मागवेल आणि त्याच लॉटची बॅग जूनमध्ये दुसऱ्याच माणसाच्या नावावर दाखवेल. ती बॅग मधले तीन आठवडे कुठे होती, याचं उत्तर मग तुलाच द्यावं लागेल. शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. पऱ्हे फसले की फक्त बियाण्याचे 900 रुपये जात नाहीत. रोवणीला वीस-पंचवीस दिवसांची रोपं लागतात. नव्याने पेरलं तर तेवढाच उशीर पदरात पडतो, आणि आपल्याकडच्या पावसाच्या भरवशावरच्या बांधीत तो शेवटच्या पाण्यावर निघतो.

मोह कधी होतो तेही सांगून ठेवतो. जुलैत पाऊस ओढ देतो, पहिले पऱ्हे वाळतात आणि दुबार पेरणीसाठी शेतकरी दारात उभा राहतो. नेमका त्याच आठवड्यात तुझ्याकडे दुसऱ्यांच्या परतीच्या बॅगा जमलेल्या असतात आणि नवीन माल आलेला नसतो. गरज खरी, माल डोळ्यांसमोर, आणि दोन्ही बाजूंचे लोक "दे रे बाबा" म्हणतात. संशयित बॅगा तेव्हा दुकानात दिसल्या तर विकल्या जातातच. म्हणून त्या दुकानाबाहेर, कुलूपबंद वेगळ्या खोलीत असू दे आणि त्यांवर लाल अक्षरात "विक्रीसाठी नाही" लिही.

आणि मोडीत काढायचं म्हणजे काय, हेही स्पष्ट ठेव. प्रक्रिया केलेलं बियाणं थायरम किंवा कार्बेन्डाझिमसारख्या औषधाने लेपलेलं असतं, लेबलावर विषारी असल्याची सूचना असते आणि रंगही वेगळा दिसतो. ते धान म्हणून गिरणीला, बाजार समितीत किंवा गुरांच्या दाण्यात जाता कामा नये, धुऊनसुद्धा नाही. लेप नसलेलं, न भिजलेलं बियाणं तेवढं साधं धान म्हणून काढता येईल. त्यात आपला तोटा होईलच, पण माल वाया जात नाही. लेपलेलं मात्र कंपनीकडेच परत पाठव, किंवा कृषी विभागाच्या सल्ल्याने नष्ट कर. नदी, नाला, गावतळं यांत चुकूनही टाकू नकोस. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंजकडे गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा पाण्यात भिजलेली बॅग वाळवून विकायचा विचारच नको. ती तपासण्यातही अर्थ नसतो.

कीटकनाशकाबाबत थोडक्यात. बाटलीच्या टोपणाखालचं पातळ सील फुटलं असेल तर ती परत घेऊच नकोस, कारण आत काय मिसळलं ते कुणालाच सांगता येत नाही. सील शाबूत, मुदत शिल्लक, लेबल वाचता येतं आणि बाहेर डाग किंवा गळती नाही, तरच थप्पीवर ठेव. मुदत संपलेलं औषध कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे ताबडतोब वेगळं करून "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारायचा असतो. निरीक्षकाने ते चालू मालात मिसळलेलं पाहिलं, तर तू विकत नव्हतास हे पटवणं कठीण जातं.

हे सगळं वहीत उतरलं पाहिजे. परतीची नोंदवही वेगळी ठेव, आणि तिच्यात तारीख, बिल क्रमांक, वाण, लॉट नंबर, वैधतेची तारीख, किती दिवस बाहेर होतं आणि काय ठरवलं, एवढं पुरे. ज्या दिवशी बॅग मोडीत काढशील, त्याच दिवशी साठा नोंदवहीतूनही ती वजा कर. निरीक्षक प्रत्यक्ष साठा नोंदवहीशी ताडून पाहतो. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, म्हणून ते नष्ट केल्याने करातलं काही उलटवावं लागत नाही. औषधं आणि खतं नष्ट केलीस तर त्यांच्यावर घेतलेलं खरेदीकराचं क्रेडिट परत भरावं लागतं. हे तुझ्या हिशेबनिसाला आधीच सांगून ठेव. वर्षअखेरीस उरलेला माल सरसकट खरेदीच्या किमतीला न मांडता, ती किंमत आणि तो प्रत्यक्षात जेवढ्याला जाईल ती किंमत, यांतली जी कमी असेल तिला मांड. शून्याला जाणारा माल शून्यच दाखव. नाहीतर कागदावर नफा दिसतो आणि तो नफा सावकाराला, बँकेला आणि तुलाही खरा वाटू लागतो.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या शेतातल्या धानाची काही वेगळी लोंबं पाहिली, त्यांचं बी जपलं आणि त्यातून एचएमटी निघालं. याच पट्ट्यातला शेतकरी तुझ्या दारात येतो. बांधीतल्या एका रोपावरून वाण ओळखणाऱ्या माणसाला उगवणीतली कसर पहिल्याच आठवड्यात दिसेल.

तेव्हा पहिली कामं म्हणून एवढं कर. कंपनीचं या हंगामाचं परतीचं पत्र काढून वाच. कोणत्या तारखेपर्यंत माल घेतात, मूळ बिल लागतं का, कोणत्या अवस्थेतल्या बॅगा घेतात आणि पैसे देतात की पुढच्या मालातून वळते करतात, हे खुणा करून ठेव. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आणि तुझ्याकडच्या प्रत्येक लॉटची वैधतेची तारीख एका कागदावर उतरवून काउंटरमागे लाव. ती तारीख डिसेंबरमध्ये संपत असेल, तर पुढच्या जूनला ती बॅग विकता येणार नाही. उन्हाळी धान तर मोजक्याच ठिकाणी, पाणी असेल तिथे होतं. म्हणून परतीची मुदत हुकली की ती बॅग तुझ्या अंगावर पडली, असं समज.

तुझा,
मामा